कातडीची चिमटी नॉर्मल आली तरी कुत्रा शॉकमध्ये असू शकतो का? हिरड्या, रिफिल आणि चिमटी घरी कशी बघायची

प्रश्न: "आमची 3 वर्षांची इंडी, म्हणजे देशी कुत्री आहे, वजन 18 किलो. गेल्या आठवड्यात रात्री दोन-तीन उलट्या झाल्या आणि गळून पडली. मी व्हिडिओत बघितलेलं त्याप्रमाणे मानेची कातडी ओढून सोडली, लगेच खाली बसली, म्हणून सकाळपर्यंत थांबलो. हिरड्या मला फिक्या वाटल्या पण नक्की कळलं नाही. आता बरी आहे. पुढच्या वेळी घरच्या घरी नक्की काय बघायचं आणि रात्री कधी पळायचं? डॉक्टर आमच्यापासून 40 मिनिटांवर आहेत."

उत्तर:

मी चेंबूरला 20 वर्षांच्या वर कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करतोय, आणि रात्रीचे जे फोन येतात त्यात "डॉक्टर, चिमटी नॉर्मल आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचल्यावर लगेच लिहायला बसलो. यातली खरी अडचण टेस्ट कशी करायची ही नाहीये, ती पाच मिनिटांत शिकता येते. अडचण अशी की चिमटी, हिरडीचा रंग आणि रिफिल, म्हणजे हिरडी दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ, या तीन टेस्ट लोक एकाच गोष्टीच्या समजतात आणि मग दोन चांगल्या एक वाईट असं बहुमत काढतात. तसं करायचं नसतं. चिमटी वेगळं सांगते आणि हिरड्या वेगळं सांगतात.

आपल्या मुंबईच्या बिल्डिंगचंच उदाहरण घ्या. गच्चीवर टाकी आहे, तिथून पाइपातून पाणी घराघरात येतं, आणि प्रत्येकाच्या घरात बादल्या, पिंप भरून ठेवलेली असतात. टाकी आणि पाइपातलं पाणी म्हणजे नसांमधलं रक्त, आणि बादल्यांमधलं पाणी म्हणजे कातडीत, मांसात मुरलेलं पाणी. चिमटी घेतली की तुम्ही बादल्या किती भरल्यात ते बघता. हिरडी दाबून सोडली की पाइपात प्रेशर आहे का ते बघता. आता समजा गच्चीवरची टाकीच फुटली. पाइपात पाणी नाही, सगळ्या बिल्डिंगचे नळ कोरडे, पण घरातल्या बादल्या अजून काठोकाठ भरलेल्याच आहेत, कारण त्या रिकाम्या व्हायला वेळच मिळाला नाही. पोटात अचानक रक्तस्राव झाला की नेमकं हेच होतं. हिरड्या पांढऱ्या पडतात आणि चिमटी एकदम छान असते.

उलटं पण होतं. दोन दिवस हळूहळू जुलाब होतायत, तर शरीर बादल्यांतलं पाणी काढून टाकीत टाकत राहतं, म्हणजे कातडीतलं पाणी ओढून रक्ताची पातळी राखतं. अशा वेळी कातडी ढिली, हळूहळू खाली बसणारी, पण हिरड्या अजून गुलाबी. हे डिहायड्रेशन आहे, शॉक, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्तच न पोचणं, अजून नाही, पण बादल्या संपल्या की पुढचा नंबर टाकीचाच.

आणि टाकीतलं पाणी कमी झालं की शरीर काय करतं? आपला वॉचमन पाणीकपातीत बागेचा आणि पार्किंगचा व्हॉल्व्ह बंद करतो ना, तसं शरीर कातडी, हिरड्या, पंजे, कान इथल्या बारीक नसा आवळून घेतं, म्हणजे उरलेलं रक्त हृदयाला, मेंदूला पुरेल. म्हणून हिरडी फिकी पडते, पंजे गार पडतात. कुत्रा त्यावेळी उभा असेल, शेपूट पण हलवत असेल, तरी व्हॉल्व्ह बंद झालेले असतात. ते सगळ्यात आधी कुठे दिसत असेल तर हिरडीवर, म्हणूनच मला फोनवर पहिल्यांदा हिरडीचं ऐकायचं असतं.

आता एक केस सांगतो, म्हणजे डोक्यात पक्कं बसेल. मुलुंडचं एक कुटुंब, 10 वर्षांचा लॅब्रेडॉर, 32 किलो. शनिवारी संध्याकाळी फिरून आला आणि लिफ्टसमोर पाय दुमडून बसला, मग आडवाच झाला. दहा-पंधरा मिनिटांनी उठला, घरी गेला, पाणी प्यायला. घरातल्या मुलीने खांद्यावर चिमटी घेऊन बघितली, कातडी झटकन खाली. नाक ओलं. काकांनी नऊ वाजता फोन केला तेव्हा म्हणाले, "वय झालंय, दमला असेल, चिमटी नॉर्मल आहे, सोमवारी आणू का?" मी म्हटलं आधी वरचा ओठ उचला आणि रंग सांगा. तर ते म्हणाले, "पांढरट आहेत, पण ट्यूबलाईटमुळे असेल." मी मुलीला सांगितलं की त्याच लाईटखाली स्वतःचा खालचा ओठ उलटा करून त्याच्या हिरडीशेजारी धर आणि दोन्हीचा एक फोटो काढ. फोटोत फरक एवढा होता की मला बाकी काही विचारावं लागलं नाही, तरी मी हिरडी दाबून बघायला सांगितली, तिने तीन सेकंद मोजले आणि म्हणाली की दाबलेली जागा वेगळी दिसतच नाहीये धड. ते पण लक्षात ठेवा, हिरडी आधीच पांढरी असेल तर दाबल्यावर "पांढरी होऊन परत गुलाबी" हा खेळच दिसत नाही, आणि हा न दिसणंच उत्तर आहे. मग मांडीच्या आतल्या बाजूची नाडी 15 सेकंद मोजायला लावली, 43 ठोके, म्हणजे मिनिटाला 172. आडव्या पडलेल्या, शांत लॅबला एवढे ठोके असायचं कारण नाही.

चादरीची झोळी करून आणला. टेबलावर घेतला तेव्हा ताप 99.4, म्हणजे नॉर्मलपेक्षा खाली (कुत्र्याचा नॉर्मल साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतो), पंजे गार, हिरडी ओल्या चुन्यासारखी. आणि चिमटी? मी स्वतः घेतली, अगदी तरुण कुत्र्यासारखी. पोटात सुई घातली तर सिरिंजमध्ये रक्त आलं आणि ते गोठलं नाही, पोटात सांडलेलं रक्त सहसा गोठत नाही, त्यावरून कळतं की सुई चुकून नसेत गेलेली नाही. सोनोग्राफीत प्लीहेवर गाठ होती, ती फुटलेली. गंमत म्हणून नाही, समजायला सांगतो, त्या वेळेचा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट जवळजवळ नॉर्मल होता. कारण रक्त अख्खंच बाहेर गेलं होतं, उरलेलं रक्त तेवढंच दाट होतं, ते पातळ व्हायला तास जातात. म्हणजे मशीनच्या आधी हिरडीने सांगितलं होतं. सलाईन लावलं, दुसऱ्या कुत्र्याचं रक्त मिळवलं, मध्यरात्री प्लीहा काढली. त्याची गाठ कॅन्सरची नव्हती, पुढे दोन वर्षं जगला. सगळ्यांचं असं होत नाही, प्लीहेच्या फुटलेल्या गाठी बऱ्याचदा कॅन्सरच्याच निघतात, पण सोमवारपर्यंत थांबले असते तर ते कळायची वेळच आली नसती. आणि मधे तो उठून पाणी प्यायला होता याचं आश्चर्य वाटू देऊ नका. रक्तस्राव तात्पुरता थांबतो, शरीर सावरतं, कुत्रा उठतो आणि घरच्यांना वाटतं बरं झालं. पडून उठलेल्या कुत्र्याच्या हिरड्या बघितल्याशिवाय बरं झालं म्हणू नका.

आता करायचं कसं ते. हिरडीसाठी कुत्र्याच्या बाजूला बसा, समोरून तोंडावर वाकू नका. एका हाताने वरचा ओठ हलकेच वर करा, सुळ्याच्या वरची हिरडी बघा, दाताला चिकटलेली कडा नको. दात घाण असलेल्या कुत्र्यांची कडा नेहमीच लाल असते, तिच्यावरून काही कळत नाही, थोडं वर जा. रंग आतल्या ओठासारखा गुलाबी पाहिजे. बोट फिरवून बघा, ओली आणि गुळगुळीत लागली पाहिजे. चिकट लागली, पोस्टाच्या तिकिटाला थुंकी लावल्यावर लागते तशी, तर पाणी कमी पडायला लागलंय. हे चिकटपण चिमटीच्या आधी कळतं. फक्त दोन गोष्टी फसवतात, धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं तोंड हवेने कोरडं होतं, आणि मळमळणारा कुत्रा लाळ गाळत असतो म्हणून आतून सुकलेला असला तरी तोंड ओलं लागतं.

मग त्याच जागी बोटाच्या पोटाने दाबा, नखाने नाही. जागा पांढरी होईपर्यंत दाबायचं, एखादा सेकंद, आणि सोडायचं. सोडल्या क्षणापासून मोजायचं. मी मनात "एकशे एक, एकशे दोन" म्हणतो, प्रत्येकाला साधारण एक सेकंद जातो. "एकशे दोन" संपायच्या आत गुलाबी रंग परत आला पाहिजे. दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर नसा आवळल्यात किंवा हृदय नीट ढकलत नाहीये. याला आम्ही कॅपिलरी रिफिल म्हणतो. घाबरलेल्या माणसाचं मोजणं फास्ट होतं, हे सगळ्यांचंच होतं, म्हणून सोपा उपाय म्हणजे दुसऱ्याला मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा आणि नंतर त्यातले सेकंद बघा. तो व्हिडिओ डॉक्टरला पण पाठवता येतो.

लाईटचं मी जरा जास्त सांगतो कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. परळच्या व्हेटरनरी कॉलेजला असताना, म्हणजे लोक ज्याला अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात त्याच आवारात, आमचे सर कुत्र्याला उचलून खिडकीपाशी न्यायला लावायचे आणि मगच रंग विचारायचे. पिवळ्या बल्बखाली फिकी हिरडी पण बरी दिसते आणि कावीळ तर दिसतच नाही. पांढऱ्या एलईडीत चांगली हिरडी फिकी वाटते. मोबाईलचा टॉर्च जवळून मारला तर सगळंच पांढरं. रात्री उजेड नसतोच, म्हणून तो स्वतःच्या ओठाशी तुलना करायचा प्रकार. आणि त्याहून चांगलं म्हणजे कुत्रा ठणठणीत असताना दिवसा खिडकीत त्याच्या हिरडीचा फोटो काढून ठेवा. तुमच्या कुत्र्याचा नॉर्मल रंग कुठला हे माझ्यापेक्षा तुम्हाला माहीत पाहिजे, कोणाचा मूळचाच फिकट गुलाबी असतो, कोणाचा गडद.

तुमची इंडी आहे म्हणजे हिरड्यांवर काळे डाग असायची शक्यता बरीच. काळ्या जागी काही दिसत नाही, मधला गुलाबी पॅच शोधा. पूर्ण काळ्या असतील तर खालची पापणी अंगठ्याने हलकी खाली ओढा आणि आतला भाग बघा. मादीत योनीच्या आतली कड पण चालते. तिथे रिफिल मोजता येत नाही फारशी, पण रंग कळतो.

चिमटी. पहिलं म्हणजे मानेवर घेऊ नका. मानेची कातडी कुत्र्यांत मुळातच ढिली असते. दोन खांद्यांच्या मधे किंवा छातीच्या बाजूला घ्या, कुत्रा उभा असेल तर बरं. अंगठा आणि बोटांत कातडी उचला, सोडा. झटकन सपाट झाली पाहिजे. तंबूसारखी उभी राहून हळूहळू बसत असेल तर पाणी कमी आहे. उभीच राहिली, डोळे पण आत गेलेत, तर बरंच जास्त कमी आहे आणि तेव्हा हिरड्या पण बिघडलेल्या असतात सहसा.

पण चिमटीत दिसायला साधारण वजनाच्या 5 टक्के पाणी तरी जावं लागतं, त्याच्या आत अनुभवी हाताला पण कळत नाही. तुमच्या 18 किलोच्या इंडीचे 5 टक्के म्हणजे 900 मिली. जवळजवळ लिटरभर पाणी अंगातून गेल्यावर चिमटी पहिल्यांदा काहीतरी बोलणार. रात्रीत दोन-तीन उलट्या झाल्या आणि चिमटी नॉर्मल आली, यात तुम्हाला काहीच नवीन माहिती मिळालेली नव्हती. 10-12 टक्क्यांपर्यंत गेलं की शॉकची लक्षणं सुरू होतात, म्हणजे चिमटी बोलायला लागल्यापासून धोक्यापर्यंतचं अंतर फार मोठं नाही.

त्यात वय आणि चरबी. म्हाताऱ्या आणि हाडकुळ्या कुत्र्यांची कातडी पाणी भरपूर असलं तरी हळू बसते, कारण लवचिकपणाच गेलेला असतो, त्यांचे मालक उगाच घाबरतात. जाड्या कुत्र्यांत आणि पिल्लांत बरोबर उलटं, चरबीमुळे कातडी पटकन बसते आणि खरं तर ते सुकलेले असतात. मागे एक 3 महिन्यांचं बीगलचं पिल्लू आलं होतं, गुबगुबीत, जुलाब सुरू होऊन एक दिवस झालेला. चिमटी चांगली. पण दोनच दिवसांपूर्वी लसीला आलं होतं तेव्हाचं वजन फाईलला होतं, 4.2 किलो, आणि आता भरलं 3.85. दोन दिवसांत 350 ग्रॅम मांस-चरबी जात नाही, ते पाणीच, म्हणजे वजनाच्या 8 टक्के. हिरडी बोटाला चिकटत होती. पार्वो निघाला, चार दिवस सलाईनवर राहून घरी गेलं. तेव्हापासून मी पिल्लूवाल्यांना सांगतो की वजनकाटा ही घरातली सगळ्यात खरी टेस्ट आहे. स्वतः काट्यावर उभं राहायचं, मग कुत्र्याला घेऊन, वजाबाकी करायची, आणि लहान पिल्लाला तर किचनचा काटा सुद्धा चालतो. महिन्याला एकदा वजन लिहून ठेवा, आजारी दिवशी त्याच काट्यावर परत करा.

रंगांचं थोडक्यात. पांढरी हिरडी आणि उशिरा रिफिल, म्हणजे शॉक समजून निघायचं. पांढरी हिरडी पण रिफिल वेळेवर आणि कुत्रा चार-पाच दिवसांपासून हळूहळू मलूल, तर रक्त कमी झालंय असा संशय, आपल्याकडे गोचिडतापात हे फार बघतो, पावसाळ्यात आणि नंतर जास्त. तिथे त्याच दिवशी रक्त तपासा, पण रात्री दोनला घर सोडायची वेळ सहसा नसते, जोपर्यंत तो उभा आहे आणि श्वास शांत आहे. पिवळी म्हणजे कावीळ, गोचिडताप किंवा लेप्टो. लेप्टोची शंका असेल तर त्याची लघवी हाताळताना ग्लोव्हज घाला, तो माणसाला होतो. निळसर किंवा जांभळी म्हणजे ऑक्सिजन पोचत नाही, इथे मोजत बसायचंच नाही, निघायचं.

एक रंग लोकांना चांगला वाटतो आणि तो नसतो. भडक विटेसारखी लाल हिरडी आणि दाबल्यावर एक सेकंदाच्या आत लाल. लोक म्हणतात "एकदम लालबुंद आहे, रक्त छान आहे." उष्माघातात आणि पसरलेल्या इन्फेक्शनच्या सुरुवातीला असं होतं, नसा आवळायच्या ऐवजी सताड उघडतात. मे महिन्यात दुपारी फिरवून आणलेला पग किंवा बुलडॉग धापा टाकतोय आणि हिरडी लाल, तर अंगावर नळाचं पाणी ओता, पंखा फुल करा, आणि पाणी ओतत ओतत निघा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो आतली उष्णता धरून ठेवतो. मुंबईच्या दमट हवेत धापा टाकून अंग थंड होतच नाही नीट, कारण जिभेवरचं पाणी वाफ होऊन उडतच नाही, म्हणून इथे 33-34 डिग्रीला पण उष्माघात होतो आणि नागपूरवाल्यांना ते पटत नाही.

यावरून एक तुमच्यासाठी. तुम्ही नसबंदी केलीय का ते लिहिलं नाहीत. केली नसेल आणि हीट येऊन एक-दोन महिने झाले असतील, पाणी नेहमीपेक्षा जास्त पित असेल, उलट्या आणि गळून जाणं असेल, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. बाहेर स्राव दिसेलच असं नाही. त्यात हिरड्या आधी लाल आणि मग फिक्या होतात. आता बरी दिसत असली तरी या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या, हे मी फोरमवर बसून सांगू शकतो त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं.

मांजर असतं तर अर्धं वेगळं लिहिलं असतं. मांजराच्या हिरड्या मुळातच कुत्र्यापेक्षा फिक्या असतात, आणि शॉकमध्ये मांजराचे ठोके बऱ्याचदा वाढायच्या ऐवजी कमी होतात आणि अंग गार पडतं, म्हणून फिकी हिरडी आणि सोबत गार कान म्हणजे निघायचं. आणि ताप आला म्हणून कोणी घरातली पॅरासिटामॉल दिली असेल तर हिरडी चॉकलेटी होते, ते विष आहे मांजराला, एक गोळी पण जीव घेऊ शकते. कुत्र्यांना पण माणसांच्या पेनकिलर देऊ नका, आयबुप्रोफेनने पोटात जखमा होऊन रक्तस्राव झालेले मी बघितलेत.

रात्री पळायचं कधी, तर माझा हिशोब असा. हिरडी फिकी, निळी किंवा विटेसारखी लाल, किंवा रिफिल दोन सेकंदांच्या वर, यातलं काहीही एक, आणि सोबत कुत्रा गळालेला असेल तर निघा, चिमटी काय म्हणते ते विचारू नका. हिरडी गुलाबी आणि ओली, रिफिल वेळेवर, एखाद-दोन उलट्या झाल्यात पण हाक मारल्यावर उठते, पाणी पोटात टिकतंय, तर खाणं काही तास थांबवा, पाणी थोडं थोडं द्या आणि दर दोन तासांनी हिरडी परत बघा. एकदा बघून झोपू नका. एका वेळच्या आकड्यापेक्षा तो कुठल्या बाजूला सरकतोय ते जास्त सांगतं, दहाला गुलाबी, बाराला जरा फिकी, दोनला अजून फिकी, तर दोनला सुद्धा ती "तेवढी वाईट नाहीये" म्हणून थांबायचं नाही. सगळं नॉर्मल आहे पण पोट फुगलंय आणि उलटीचा जोर येतोय पण काही पडत नाहीये, तर हे सगळं वाचलेलं बाजूला ठेवा आणि निघा, पोटाला पीळ बसल्यावर हिरडी बिघडायची वाट बघितली तर उशीर होतो. 6 महिन्यांच्या आतलं, लसी अर्धवट झालेलं पिल्लू असेल तर हिरडी कशीही असो, त्याच दिवशी दाखवा.

तुमचे डॉक्टर 40 मिनिटांवर आहेत म्हणजे तुमची रेषा माझ्या शेजारच्या माणसापेक्षा अलीकडे पाहिजे. रात्री 40 मिनिटं असतील, सकाळी हायवेवर तेच दीड तास होतात. रिक्षावाले आजारी कुत्र्याला घेतातच असं नाही, तेव्हा बिल्डिंगमधे रात्री कोणाची गाडी मिळेल हे आत्ताच विचारून ठेवा. निघताना फोन करून सांगा "हिरडी पांढरी, रिफिल तीन सेकंद, ठोके एवढे," म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत सलाईन आणि ऑक्सिजन तयार असतो. "खूप आजारी आहे" यावरून आम्हाला काही ठरवता येत नाही. वाटेत तोंडात पाणी किंवा ओआरएस ओतू नका, आडव्या पडलेल्या कुत्र्याच्या ते फुफ्फुसात जातं. कुशीवर झोपवा, वर चादर घाला (उष्माघात सोडून).

आणि या टेस्टची हद्द पण माहीत असू द्या. गुलाबी हिरडी आणि चांगली रिफिल म्हणजे कुत्रा निरोगी आहे असं नाही, फक्त या घडीला रक्त फिरतंय एवढंच. तरुण कुत्रं व्हॉल्व्ह बंद करून बराच वेळ सावरून धरतं आणि मग एकदम कोसळतं. नुकत्याच गेलेल्या जनावरात सुद्धा काही मिनिटं दाबलेली हिरडी परत रंगते, हे मी स्वतः बघितलंय, त्यामुळे हिरडीसोबत श्वास, नाडी आणि कुत्रा तुमच्याकडे बघतोय का हे पण बघायचं.

एक काळजी. हे सगळं आपल्या, लस झालेल्या, हात लावू देणाऱ्या कुत्र्यासाठी. दुखत असेल तर आपलं कुत्रं पण चावतं, गुरगुरलं तर सोडून द्या. बिल्डिंगखालचा रस्त्यावरचा कुत्रा लाळ गाळत पडलाय म्हणून त्याच्या तोंडात बोट घालू नका, रेबीजची शक्यता असते, त्याच्यासाठी रेस्क्यूवाल्यांना बोलवा.

उद्या सकाळी ती जेवून शांत बसली असेल तेव्हा खिडकीत घेऊन हिरडीचा एक फोटो आणि दाबून सोडल्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा, वजन करून त्याच्याखाली लिहून ठेवा. आणि नसबंदी आणि शेवटच्या हीटची तारीख मला इथेच खाली कळवा.